थायरॉईडची गोळी, लोह आणि कॅल्शियम : वेळा कशा बसवायच्या आणि टीएसएच परत कधी करायचा

प्रश्न : वय ४३, वजन ५८ किलो. पाच वर्षं थायरॉईडची ७५ ची गोळी चालू आहे. सकाळी सव्वासहाला उठल्या उठल्या घेते, पंधरा-वीस मिनिटांत चहा होतो. सहा महिन्यांपूर्वी टीएसएच २.९ होता. अडीच महिन्यांपूर्वी हिमोग्लोबिन ९.८ निघालं म्हणून लोहाची आणि कॅल्शियमची गोळी सुरू झाली. त्या दोन्ही साडेआठला नाश्त्यानंतर घेते. आता टीएसएच ८.४ आलाय, फ्री टी-४ मात्र नॉर्मल आहे. डॉक्टरांनी ७५ ची १०० करायला सांगितलंय, अजून सुरू केलेली नाही. एकही दिवस गोळी चुकवलेली नाही, मग टीएसएच वाढला कसा? आणि परत तपासणी पंधरा दिवसांनी करू का?

उत्तर :

तुमच्या प्रश्नातच उत्तर आहे. गोळी तीच, घ्यायची वेळ तीच, चहाही पूर्वीसारखाच. मधल्या काळात नवीन आलं ते फक्त लोह आणि कॅल्शियम. सव्वासहा ते साडेआठ हे अंतर होतं सव्वादोन तासांचं, आणि या दोन गोळ्यांसाठी किमान चार तास लागतात. त्यामुळे १०० ची बाटली उघडण्याआधी डॉक्टरांना फोन करा आणि अगदी नेमकं सांगा : 'अडीच महिन्यांपासून थायरॉईडच्या गोळीनंतर सव्वादोन तासांनी लोह आणि कॅल्शियम घेत होते. वेळा बदलून ७५ वरच राहू का आणि सहा-आठ आठवड्यांनी टीएसएच करू का?' तपासणीच्या वेळी ही गोष्ट बहुतेक वेळा विचारलीही जात नाही आणि सांगितलीही जात नाही. मग कागदावर फक्त ८.४ दिसतो आणि डोस वाढतो. तुम्ही गरोदर नसाल आणि तसा विचारही नसेल, तर ८.४ वर काही आठवडे थांबणं सहसा सुरक्षित असतं. माझं मत ७५ वर थांबण्याच्या बाजूने आहे. पंधरा दिवसांनी तपासून मात्र काहीच कळणार नाही. त्याचं कारण पुढे देतो.

आधी पोटात काय होतं ते पाहू. ही गोळी जठरातल्या आम्लात विरघळते आणि तिच्यातलं लिव्होथायरॉक्सिन लहान आतड्याच्या वरच्या भागात शोषलं जातं. पोट रिकामं असेल तर साधारण ६० ते ८० टक्के औषध रक्तात जातं, आणि हे काम पाच-दहा मिनिटांत आटोपत नाही. रक्तातली पातळी शिखरावर यायला दोन ते चार तास लागतात. म्हणजे तुम्ही साडेआठला लोह-कॅल्शियम घेता, तेव्हा थायरॉईडच्या गोळीचा काही भाग अजून आतड्यात वाट पाहत असतो. लोह त्याला घट्ट पकडतं, कॅल्शियम कार्बोनेटच्या कणांवर तो चिकटून बसतो, आणि अशा अवस्थेत तो आतड्याच्या भिंतीतून पार होत नाही. शौचावाटे निघून जातो. प्रमाणाचा विचार केला तर हे का घडतं ते लगेच पटेल. तुमची गोळी ७५ मायक्रोग्रॅमची. कॅल्शियमच्या नेहमीच्या एका गोळीत ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, म्हणजे पाच लाख मायक्रोग्रॅम. लोहाच्या ६० मिलिग्रॅमच्या गोळीत लोह साठ हजार मायक्रोग्रॅम. एवढ्या गर्दीतून ७५ मायक्रोग्रॅम पूर्णपणे निसटणं अवघडच.

यात वाया जाणारा भाग फार मोठा असावा लागत नाही. रक्तातलं फ्री टी-४ थोडं जरी घसरलं तरी मेंदूतली पिट्युटरी ग्रंथी टीएसएच अनेक पटींनी वाढवते. म्हणूनच तुमचं फ्री टी-४ नॉर्मलच्या चौकटीत राहिलं आणि टीएसएच मात्र २.९ वरून ८.४ वर गेला. दोन्ही आकडे बरोबरच आहेत. टीएसएच हा जास्त संवेदनशील आहे, एवढाच त्याचा अर्थ.

आता डोस का वाढवू नये ते पाहू. ७५ वरून १०० म्हणजे एकदम ३३ टक्के वाढ. ५८ किलो वजनाला, स्वतःची ग्रंथी अजिबात काम करत नसली तरी, पूर्ण डोस किलोमागे १.६ मायक्रोग्रॅमच्या हिशेबाने साधारण ९३ होतो. तुमचं तर ७५ वर उत्तम चाललं होतं. समजा तुम्ही १०० सुरू केली आणि हे वाचून लोह-कॅल्शियमच्या वेळाही दुरुस्त केल्या, तर एकाच वेळी दोन बाजूंनी डोस वाढेल आणि टीएसएच खाली घसरेल. वेळा तशाच ठेवून १०० घेतली, तर आज आकडा कदाचित बरा येईल, पण लोहाचा कोर्स काही कायमचा नसतो. हिमोग्लोबिन भरून आलं, त्यानंतर साठा भरायला आणखी तीनेक महिने गोळी घेतली की तो संपतो. त्या दिवसापासून १०० ची गोळी पूर्ण शोषली जायला लागते, आणि हे कोणाच्या लक्षात येत नाही. मग धडधड, हाताला थरथर, घाम, झोप उडणं सुरू होतं आणि त्याचा ठपका पाळी जाण्याच्या वयावर ठेवला जातो. टीएसएच दीर्घकाळ ०.१ च्या खाली राहिला तर हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा धोका वाढतो, आणि पाळी गेल्यावर हाडंही झिजतात. म्हणजे ज्या हाडांसाठी कॅल्शियम घ्यायचं त्यांचंच नुकसान होतं.

म्हणून एक गोष्ट पक्की धरा : वेळ बदलणं हाही डोस बदलणंच आहे. लोह किंवा कॅल्शियम सुरू झालं, बंद झालं, त्याची वेळ सरकली, की सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच करायचा. बाटलीवरचा आकडा तोच असला तरीसुद्धा.

तुमच्या दिवसात हे असं बसतं. सव्वासहाला थायरॉईडची गोळी, ग्लासभर साध्या पाण्याबरोबर. घोटभर पाण्यावर ढकलू नका, गोळी अन्ननलिकेत अडकते किंवा नीट विरघळत नाही. लोहाची गोळी साडेअकराच्या सुमारास, म्हणजे नाश्त्यानंतर तीन तासांनी आणि जेवणाआधी. लोह रिकाम्या पोटी उत्तम शोषलं जातं. सोबत लिंबूपाणी चालेल, चहा नको, कारण चहातलं टॅनिन लोहाला धरून ठेवतं. त्याने मळमळ होत असेल तर दुपारच्या जेवणाबरोबर घ्या. थोडं कमी शोषलं जाईल, पण गोळी सुटणार नाही. कॅल्शियम रात्रीच्या जेवणाबरोबर. कॅल्शियम कार्बोनेटला विरघळायला आम्ल लागतं आणि ते जेवणाबरोबरच भरपूर सुटतं. रात्री नऊला घेतलेलं कॅल्शियम सकाळी सव्वासहाच्या गोळीला त्रास देत नाही. लोह आणि कॅल्शियम एकत्र घेण्याचीही सवय सोडा. ती दोघं एकमेकांचं शोषण कमी करतात, मध्ये निदान दोन तास हवेत. आतापर्यंत साडेआठला दोन्ही एकदम घेत होतात म्हणजे हिमोग्लोबिनही हवं तितक्या वेगाने वाढलं नसण्याची शक्यता आहे.

तुम्हाला कॅल्शियम दिवसातून दोनदा सांगितलं असेल तर एक दुपारच्या जेवणाबरोबर आणि एक रात्रीच्या. मग लोह साडेअकराऐवजी अकराला घ्या आणि जेवण एकनंतर करा.

चहाचं काय? पुस्तकी नियम असा की गोळीनंतर अर्धा ते एक तास पाण्याशिवाय काही नको. दूध घातलेला चहा आणि कॉफीही नको. कॉफीने शोषण घटतं आणि दुधात तर कॅल्शियमच असतं. नवीन सुरुवात करणाऱ्याला मी एक तास थांबायलाच सांगेन. पण तुमच्या बाबतीत थोडा वेगळा विचार करावा लागतो. पंधरा-वीस मिनिटांच्या चहासकट तुमचा टीएसएच २.९ होता, म्हणजे ७५ चा डोस त्या चहाला धरूनच बसलेला आहे. आता चहा सातवर नेलात तर शोषण पूर्वीपेक्षाही थोडं सुधारेल. त्यात वाईट काही नाही, फक्त तो बदल आजच करा आणि मग रोज तसाच ठेवा. जमणार नसेल तर चहा आहे तिथेच राहू द्या. रोज सारखं होणारं नुकसान डोसने भरून काढता येतं. सोमवारी पंधरा मिनिटांनी चहा, मंगळवारी एक तासाने, रविवारी चहाबरोबरच गोळी, असं चाललं तर कोणताही डोस बसत नाही आणि टीएसएच दर वेळी वेगळा येतो.

लोह आणि कॅल्शियम नावाने येत नाही तिथेही असतं. बहुतेक मल्टिव्हिटॅमिनच्या गोळ्यांत लोह, झिंक, मॅग्नेशियम असतं. मागचं लेबल वाचा आणि अशी गोळी दुपारनंतर घ्या. प्रोटीन पावडर आणि सोया दूध यांनाही सकाळच्या पहिल्या तासात जागा नको. नाचणीची आंबील सकाळी सर्वांत आधी घेण्याची सवय अनेक घरांत आहे. नाचणीच्या १०० ग्रॅम पिठात साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, तेव्हा आंबील नाश्त्याच्या वेळी घ्या, गोळीच्या पाठोपाठ नको. छातीत जळजळ झाली की घ्यायचं गुलाबी किंवा पांढरं पातळ औषध अॅल्युमिनियम आणि मॅग्नेशियमचं असतं, त्यालाही चार तासांचं अंतर.

पॅन्टोप्राझोल किंवा ओमेप्राझोलसारखी अॅसिडिटीची गोळी मात्र वेगळ्या प्रकारची आहे. ती थायरॉईडच्या औषधाला पकडत नाही; जठरातलं आम्लच कमी करते, म्हणून गोळी नीट विरघळत नाही. हा परिणाम दिवसभर टिकतो, त्यामुळे अंतर ठेवून तो टळत नाही. थायरॉईडची गोळी घेऊन अर्ध्या तासाने ही घेतली तरी चालते. पण ती रोजची झाली असेल किंवा बंद झाली असेल, तर त्यानंतरही सहा-आठ आठवड्यांनी टीएसएच करा.

सकाळ इतकी धावपळीची असेल की काही जमतच नाही, तर रात्री झोपताना गोळी घेणं हा चांगला पर्याय आहे. अट एकच, शेवटचं खाणं होऊन तीन तास उलटलेले हवेत. आठला जेवून अकराला झोपणाऱ्याला हे सोपं आहे. साडेनऊला जेवून साडेदहाला आडवं होणाऱ्याने या वाटेला जाऊ नये. आणि तसं केलंत तर कॅल्शियम दुपारच्या जेवणाकडे न्या, रात्रीच्या नको. उपवासाच्या दिवशीही गोळी घ्यायचीच. पाण्याबरोबर आधी गोळी, तासाभराने खिचडी किंवा दूध.

आता तपासणीचा प्रश्न. लिव्होथायरॉक्सिनचं अर्धं आयुष्य साधारण सात दिवसांचं आहे. म्हणजे तुम्ही आज वेळा सुधारल्या तर नवीन पातळीपर्यंतचं अर्धं अंतर एका आठवड्यात कापलं जातं, उरलेल्याचं अर्धं दुसऱ्या आठवड्यात. दोन आठवड्यांनी तीन चतुर्थांश, चार आठवड्यांनी सुमारे ९४ टक्के, सहा आठवड्यांनी ९८ टक्क्यांच्या वर. टीएसएच त्याच्याही मागे रेंगाळतो, कारण पिट्युटरी ग्रंथी सावकाश शांत होते. पंधरा दिवसांनी तपासलंत तर आकडा कदाचित ६ येईल. तो खाली येणाऱ्या वाटेवरचा ६ आहे की तिथेच थांबलेला, हे कागदावरून कोणालाही सांगता येणार नाही. त्या आकड्यावर डोस वाढवला तर सगळा हिशेब पुन्हा पहिल्यापासून. समजा तुम्ही सोमवारी १ जूनला नवं वेळापत्रक सुरू केलं, तर तपासणी १३ जुलै ते २७ जुलैच्या दरम्यान करा. तोपर्यंत मध्ये एकही चाचणी नको. आकडा जागेवर आला की पुढची चाचणी सहा महिन्यांनी, आणि तोही ठीक आला तर वर्षातून एकदा. याला अपवाद म्हणजे मधे काही बदललं तर : लोहाचा कोर्स संपला, गोळीची कंपनी बदलली, वजनात मोठा फरक पडला.

तपासणीच्या दिवशी सकाळी रक्त द्या आणि गोळी रक्त दिल्यावर घ्या. गोळी घेतल्यानंतर काही तास फ्री टी-४ तात्पुरतं वर जातं आणि खोटा दिलासा मिळतो. टीएसएचवर त्या एका गोळीचा परिणाम होत नाही. उपाशीपोटी असणं सक्तीचं नाही, पण टीएसएच पहाटे जास्त आणि दुपारी कमी असतो, त्यामुळे दर वेळी साधारण त्याच सुमारास आणि शक्यतो त्याच प्रयोगशाळेत रक्त द्या. तुम्हाला टीएसएच आणि फ्री टी-४ एवढंच पुरतं, टी-३ ची गरज नाही. केस गळतात म्हणून बायोटिनची गोळी घेत असाल तर निदान दोन दिवस आधी बंद करा. काही यंत्रांच्या चाचणीत बायोटिन गोंधळ घालतं आणि टीएसएच खोटा कमी, फ्री टी-४ खोटं जास्त दाखवतं. केसांच्या गोळ्यांत ते बऱ्याचदा १० मिलिग्रॅमपर्यंत असतं, ही मात्रा गरजेच्या कित्येक पट आहे. डेंग्यू, न्यूमोनिया असं मोठं आजारपण नुकतंच होऊन गेलं असेल तर बरं झाल्यावर सहाएक आठवडे थांबून चाचणी करा, कारण आजारपणात आणि त्यातून उठताना टीएसएच आपोआप हलतो.

चुकलेल्या गोळ्या चाचणीच्या आदल्या दोन-तीन दिवसांत भरून काढू नका. अशा रिपोर्टची खूण असते : फ्री टी-४ नॉर्मलच्या वरच्या टोकाला आणि टीएसएच तरीही चढलेला. एरवी एखादा दिवस विसरलात तर आठवेल तेव्हा रिकाम्या पोटी घ्या. दुसऱ्या दिवशी आठवलं तर दोन्ही गोळ्या एकत्र घेतल्या तरी चालतं, कारण औषध आठवडाभर अंगात टिकतं. हृदयविकार असणाऱ्यांनी मात्र असं विचारल्याशिवाय करू नये.

गरोदरपणात वर सांगितलेलं 'थांबा आणि पाहा' लागू होत नाही. पहिल्या काही महिन्यांत बाळाला आईच्याच थायरॉक्सिनवर अवलंबून राहावं लागतं. आधीपासून गोळी चालू असलेल्या बाईने गर्भ राहिल्याचं कळताच डॉक्टरांना त्याच दिवशी कळवावं. साधारण पद्धत अशी की आठवड्याला सातऐवजी नऊ गोळ्या घ्यायच्या, म्हणजे दोन दिवस दोन-दोन. ही जवळजवळ २९ टक्के वाढ झाली. टीएसएच पाचव्या महिन्यापर्यंत दर चार आठवड्यांनी आणि मग तिसाव्या आठवड्याच्या आसपास एकदा. सरकारी दवाखान्यात चौथ्या महिन्यापासून ६० मिलिग्रॅम लोहाची लाल गोळी रोज आणि कॅल्शियम दिवसातून दोनदा मिळतं, नेमक्या त्याच वेळी ही अडचण उभी राहते. तिथे वर दिलेलं वेळापत्रकच वापरायचं : सकाळी थायरॉईड, अकराला लोह, दोन्ही जेवणांबरोबर कॅल्शियम. बाळंतपणानंतर डोस पूर्वीवर आणून सहा आठवड्यांनी टीएसएच.

जुलैचा तुमचा आकडा साधारण तिघांपैकी एक असेल. ०.५ ते ४ च्या आसपास आला तर निदान बरोबर होतं, ७५ चालू ठेवा आणि लोह बंद झाल्यावर सहा-आठ आठवड्यांनी पुन्हा एकदा पाहा. ५ ते ६ च्या घरात राहिला तर डॉक्टर ८८ चा विचार करतील. ती लहान पायरी आहे आणि १०० पेक्षा मला बरी वाटते. वेळा काटेकोर पाळूनही तो ८ च्या वर राहिला आणि हिमोग्लोबिनही लोह घेऊन वाढत नसेल, तर दोन्ही गोष्टी एकत्र डॉक्टरांपुढे ठेवा. थायरॉईडवर हल्ला करणारी तीच प्रतिकारशक्ती कधीकधी जठराच्या आवरणावर किंवा आतड्यावर उतरते, आणि मग थायरॉईडची गोळी आणि लोह दोन्ही शोषले जात नाहीत. गव्हातल्या ग्लुटेनमुळे होणाऱ्या सीलिॲक आजारासाठी टीटीजी-आयजीए ही रक्ततपासणी आणि बी-१२ ची पातळी इथून सुरुवात करतात. टीटीजीची तपासणी होईपर्यंत पोळी-चपाती सोडू नका. गहू बंद केला की ती चाचणी खोटी निगेटिव्ह येऊ शकते.